एकच हंगाम, तीन वयं

दसरा-दिवाळी उरकली की बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी या तालुक्यांतून माणसांनी आणि सामानाने भरलेले ट्रक-ट्रॅक्टर निघतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, शिवाय सीमेपलीकडचा कर्नाटक, जिथे साखर कारखाना तिथे ही कुटुंबं पाच-सहा महिने ऊस तोडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. अशा एका घरात तीन मुलं आहेत असं धरू. थोरली तेरा वर्षांची, सातवीत. मधला आठ वर्षांचा, तिसरीत. धाकटी दीड वर्षाची. हे घर मी उदाहरणापुरतं रचलं आहे. त्यात पुढे जे घडताना दिसेल ते मात्र ऊसतोड कुटुंबांत दरवर्षी घडतं. तिघांचे आई-बाप तेच, ट्रक तोच, मुकादमाकडून घेतलेली उचलही तीच. तरीही हा हंगाम तिघांचं एकसारखं काही करत नाही. तो धाकटीच्या वजनाला हात घालतो, मधल्याच्या वाचनाला आणि थोरलीच्या साऱ्या पुढच्या आयुष्याला.

असं का होतं, याचं सर्वांत नेमकं उत्तर ज्याने दिलं त्या मानसशास्त्रज्ञाचं नाव युरी ब्रॉन्फेनब्रेनर. जन्म १९१७, मॉस्को. सहा वर्षांचा असताना तो आई-वडिलांबरोबर अमेरिकेला आला. वडील डॉक्टर होते आणि न्यूयॉर्क राज्यात मतिमंद ठरवलेल्या लोकांसाठी चालवल्या जाणाऱ्या ‘लेचवर्थ व्हिलेज’ या सरकारी संस्थेत काम करत. घरही संस्थेच्या आवारातच होतं. वडिलांची एक तळमळ या मुलाने लहानपणापासून ऐकली होती. न्यूयॉर्कच्या न्यायालयांकडून कधी कधी अगदी साधारण बुद्धीची मुलंही चुकून तिथे पाठवली जात. त्यांना सोडवण्यासाठी कागदपत्रं पूर्ण होईपर्यंत काही आठवडे जात आणि तेवढ्या काळात ती मुलं बुद्धिमत्ता चाचणीत खरोखरच मागे पडत. मग त्यांची सुटका होत नसे. पुढे मोठी झाल्यावर त्यांतल्या काहींना कर्मचाऱ्यांच्या घरी कामाला ठेवत. ब्रॉन्फेनब्रेनरच्या घरीही अशा मुली होत्या. साध्या घरात, घरच्या माणसांत काही वर्षं राहिल्यावर त्यांचे गुण पुन्हा साधारण पातळीवर येत. बुद्धी ही मुलाच्या डोक्यात कायमची ठेवलेली वस्तू असती तर हे घडलं नसतं.

कॉर्नेल विद्यापीठात प्राध्यापक झाल्यावर त्याने आपल्याच क्षेत्राविरुद्ध तक्रार मांडली. प्रयोगशाळेच्या खोलीत, अनोळखी माणसासमोर, अर्धा-पाऊण तास बसवलेल्या मुलाकडे बघून बालविकासाचे नियम ठरवले जातात. मूल जिथे जगतं तिथे कुणी जात नाही, असं त्याचं म्हणणं होतं. १९७९ साली आलेल्या त्याच्या ग्रंथात या तक्रारीचा सिद्धांत झाला. मुलाचा विकास समजून घ्यायचा तर मुलाभोवतीच्या परिस्थितीचे थर समजून घ्यावे लागतील, असं त्यात मांडलं होतं. आज आपल्या बी.एड.च्या वर्गात हा सिद्धांत एकात एक काढलेल्या वर्तुळांच्या आकृतीने शिकवला जातो.

आपल्या कुटुंबावरून हे थर पाहू. सर्वांत आतला थर म्हणजे मूल स्वतः जिथे हजर असतं, जिथे माणसांशी त्याचा समोरासमोर संबंध येतो त्या जागा: घर, अंगणवाडी, शाळेचा वर्ग, खेळगडी, हंगामात कारखान्याजवळ उभी राहिलेली पाचटाची कोपी. दुसरा थर या जागांमधल्या संबंधांचा. वर्गशिक्षक आणि बाप एकमेकांशी बोलतात का, गावची शाळा आणि कारखान्याजवळची शाळा यांना एकमेकींची काही खबर असते का, हे प्रश्न या थराचे. तिसऱ्या थरात अशा जागा येतात जिथे मूल कधी पाऊल टाकत नाही, पण तिथल्या निर्णयांनी त्याचा दिवस ठरतो. मुकादम आणि बाप यांच्यातला उचलीचा व्यवहार हे त्याचं ठळक उदाहरण. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात साखर संघ आणि तोडणी कामगारांच्या संघटना यांच्यात तडजोड होऊन तोडणीच्या मजुरीत ३४ टक्के वाढ झाली. त्या बैठकीचा परिणाम या तीन मुलांच्या ताटापर्यंत पोचतो. चौथा थर समाजाच्या रीतींचा, समजुतींचा आणि कायद्यांचा: मुलगी किती वर्षांची झाली की तिला ‘मोठी’ म्हणायचं, ऊस तोडायला कोणत्या जातींतली माणसं जातात, शिक्षणाचा हक्क कागदावर कुणाला आहे. आणि पाचवा थर काळाचा. हा ब्रॉन्फेनब्रेनरने नंतर जोडला. माझ्या मते बाकीचे चार थर त्याच्याशिवाय कळतच नाहीत.

ब्रॉन्फेनब्रेनरने स्वतः या थरांना एकात एक बसणाऱ्या रशियन बाहुल्यांची उपमा दिली होती. ती लोकांच्या मनात इतकी पक्की बसली की तिने एक गैरसमजही पसरवला. बाहुल्यांचे आकार ठरलेले असतात आणि आतली बाहुली वाढत नाही. मूल वाढतं. दीड वर्षाच्या मुलीसाठी आतला थर म्हणजे जवळजवळ एकटी आई. आठव्या वर्षी त्यात शिक्षक आणि मित्र येतात. तेराव्या वर्षी मूल त्या थरांना स्वतःहून ढकलू लागतं, आणि जे काल दूरच्या तिसऱ्या थरात होतं ते आज त्याच्या अंगावर येऊन उभं राहतं. मुकादमाचा हिशेब धाकटीला आईच्या थकव्यातून कळतो. थोरलीच्या बाबतीत त्या हिशेबात ती स्वतःच एक आकडा होण्याची वेळ आलेली असते.

या सिद्धांतात पुढे १९९०च्या दशकात आणखी एक महत्त्वाची भर पडली. नुसतं भोवताल मूल घडवत नाही. मूल आणि त्याच्या जवळची माणसं यांच्यात रोज, बराच काळ आणि हळूहळू अवघड होत जाणारी जी देवाणघेवाण चालते, ती विकासाचं खरं इंजिन आहे, असं ब्रॉन्फेनब्रेनर म्हणू लागला. आई बाळाच्या हुंकाराला हुंकाराने उत्तर देते, मग शब्दाने, मग गोष्टीने. शिक्षक आज अक्षर वाचायला लावतात, महिन्याने वाक्य, वर्षाने परिच्छेद. ही देवाणघेवाण नियमित हवी, मध्येच तुटता कामा नये, आणि मुलाबरोबर तिचीही पायरी वर चढायला हवी. बाहेरचे थर चांगले की वाईट हे ठरवण्याची कसोटी मग सोपी होते: ते या देवाणघेवाणीला जागा देतात की ती मोडतात?

आता धाकटीकडे जाऊ. नवरा-बायकोच्या जोडीला तोडणीत एक कोयता म्हणतात आणि उचल कोयत्यावर मिळते. म्हणजे आईने घरी राहणं व्यवहारातच बसत नाही. ती एकटी मागे राहिली तर अर्धा कोयता होतो. उचल लाखाच्या घरात किंवा त्याहून जास्त असते आणि ती हंगामात फेडायची असते. न फिटलेली रक्कम अंगावर राहून पुढच्या वर्षी पुन्हा यावं लागतं. काम टनावर, त्यामुळे पहाट होण्याआधी फडात जावं लागतं. एका कोयत्याचा दिवसभराचा ऊस साधारण दीड-दोन टन भरतो. आई मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, आणि गाडी रात्री आली तर रात्री भरते. एखादा दिवस चुकला तर खाडा धरून पैसे कापले जातात. धाकटी बांधावर, गाडीच्या सावलीत, झोळीत असते. तिच्याजवळ बहुतेक वेळा थोरली बहीण असते.

या वयात मुलीचं जग इतकं लहान असतं की बाहेरच्या थरांना तिच्यापर्यंत यायला एकच वाट आहे, ती म्हणजे आई. मुकादमाची उचल, कारखान्याचा गाळपाचा वेग, बाजारातला साखरेचा भाव हे सगळं तिच्यापर्यंत आईच्या वेळेतून आणि अंगातल्या ताकदीतून पोचतं. आईची माया कमी पडते असं कुणी म्हणू नये. माया आहे, पण त्या मायेला बोलायला, खेळवायला, वेळेवर भरवायला लागणारे तास कोयत्याने घेतलेले असतात. गावी अंगणवाडी होती, तिथे वजन होत होतं, आहार मिळत होता. १९७५ पासून देशभर उभी राहिलेली ही व्यवस्था नेमकी सहा वर्षांखालच्या मुलांसाठीच आहे. पण नाव गावच्या वहीत आणि मूल तीनशे किलोमीटरवर फडात, ही गाठ सुटली नाही तर त्या व्यवस्थेचा धाकटीला उपयोग नाही. बिघाड कुठे झाला ते ओळखणंही अवघड नाही. जाण्यापूर्वीचं आणि परतल्यानंतरचं वजन शेजारी शेजारी ठेवलं की कळतं. तिचे नवे शब्द किती आले हे मात्र कोणी कुठे लिहून ठेवत नाही, आणि दीड ते अडीच हे वय शब्दांचंच असतं.

मधल्याचं तसं नाही. आठ वर्षांच्या मुलाला आई दिवसभर दिसली नाही तरी चालतं. तो पाणी भरतो, वाढे गोळा करतो, बैलाजवळ थांबतो, पोरांत खेळतो. त्याचं नुकसान दुसऱ्या थरात होतं. पहिली ते चौथी या चार वर्षांत तो दरवर्षी जवळजवळ सहा महिने वर्गाबाहेर राहिला तर चारांतली दोन वर्षं गेली. आणि ती सलग गेलेली नसतात, त्यामुळे नुकसान अधिक होतं. ऑक्टोबरमध्ये तो जोडाक्षरांपर्यंत आलेला असतो. जूनमध्ये तो पुढच्या वर्गात बसतो, पण जोडाक्षरांपाशी पुन्हा अडखळतो. शिक्षकाने तिथून सुरुवात केली तर वर्ग थांबतो. नाही केली तर हा मुलगा मागे राहतो. पाचवीत गेल्यावर दुसरीचा परिच्छेद वाचता न येणारा मुलगा बुद्धीने मंद आहे असं समजायला तिथून एकच पाऊल लागतं. लेचवर्थच्या आवारात जे घडत होतं तेच आहे हे.

इथे ब्रॉन्फेनब्रेनरने सांगितलेली एक गोष्ट फार उपयोगी आहे. मूल एका जागेतून दुसऱ्या जागेत जातं तेव्हा ते एकटं गेलं, की त्याच्याबरोबर कुणी ओळखीचं गेलं, दोन्हीकडची माणसं एकमेकांना काही कळवतात का, आणि दोघांना मुलाकडून साधारण सारखंच हवं आहे का, यावर नव्या जागेत त्याचं काय होईल ते ठरतं. आपल्याकडे यासाठी एक साधन आहे: शिक्षण हमी कार्ड. स्थलांतर करणाऱ्या मुलाला गावचे शिक्षक हे कार्ड देतात. त्यावर त्याची इयत्ता आणि शिकण्याची पातळी लिहिलेली असते, म्हणजे जिथे जाईल तिथल्या शाळेने त्याला तिथून पुढे शिकवावं. कल्पना अगदी बरोबर आहे, थेट दुसऱ्या थरावर बोट ठेवणारी. पण हे कार्ड मुलाच्या हातात किंवा आईच्या पिशवीत जातं. ते घेऊन शाळेच्या दारात जायला पहाटे फडात गेलेल्या आई-बापांना वेळ नसतो. शाळा कोप्यांपासून दोन-तीन किलोमीटरवर असते, तिथे ओळखीचं एकही पोर नसतं आणि बोलीही थोडी निराळी असते. कार्ड पोचलं पण सोबत कुणीच गेलं नाही, तर मूल नव्या वर्गात चार दिवस बसतं आणि पाचव्या दिवशी येत नाही. ज्या गावात शिक्षक स्वतः फोन करून समोरच्या शाळेला सांगतात, किंवा कारखान्याजवळच्या शाळेतले शिक्षक कोप्यांपर्यंत जाऊन मुलांना घेऊन येतात, तिथे तीच मुलं टिकतात. कार्ड तेच असतं. फरक मधल्या माणसाने पडतो.

वयाबरोबर थर कसे सरकतात याचा सर्वांत चांगला पुरावा ऊसाच्या फडातून आलेला नाही, तो कॅलिफोर्नियातून आला. आपल्या थोरलीकडे वळण्याआधी तो पाहायला हवा. १९२९ नंतर अमेरिकेत महामंदी आली. ओकलंड शहरातल्या १६७ मुलांचा अभ्यास त्या काळात चालू होता. ती १९२० किंवा १९२१ मध्ये जन्मलेली. म्हणजे घरावर संकट आलं तेव्हा ती साधारण दहा-अकरा वर्षांची होती आणि पुढची मंदी त्यांनी कुमारवयात काढली. शेजारच्या बर्कली शहरात आणखी एका गटाचा अभ्यास चालू होता; ती मुलं १९२८-२९ मध्ये जन्मलेली, म्हणजे मंदी आली तेव्हा पाळण्यातली. ग्लेन एल्डर या समाजशास्त्रज्ञाने अनेक वर्षांनी या दोन्ही गटांच्या नोंदी काढल्या. ओकलंडच्या अभ्यासावरचा त्याचा ग्रंथ १९७४ साली आला, बर्कलीच्या मुलांशी तुलना त्यानंतर झाली. चार वर्षांत ओकलंडच्या या कुटुंबांचं उत्पन्न जवळजवळ ४० टक्क्यांनी घटलं होतं. काहींचं फारसं घटलं नव्हतं, त्यामुळे तुलना करता आली.

निष्कर्ष असा होता की पैसा गेल्याचा घाव मुलांना थेट बसला नाही. बाप चिडका आणि लहरी झाला, घरातली सत्ता आईकडे सरकली, कामांची वाटणी बदलली, आणि या बदलांतून तो मुलांपर्यंत पोचला. पोचताना वय आडवं आलं. ओकलंडची मोठी मुलं बाहेर जाऊन लहानमोठं काम करू लागली, मुली घरकामात आईचा भार उचलू लागल्या. आपली कुणाला तरी गरज आहे असं त्यांना जाणवलं, आणि मध्यमवर्गीय घरांतली अशी बरीच मुलं पुढे आयुष्यात चांगली उभी राहिली. बर्कलीच्या लहान मुलग्यांना ही सोय नव्हती. ती घरातच होती, बापाच्या रागाच्या समोर, आणि हाताला करायला काही नव्हतं. कुमारवयात त्यांच्यात आत्मविश्वास कमी दिसला, ध्येयंही खुजी दिसली. त्याच वयाच्या मुलींना मात्र एवढी झळ लागली नाही, कारण त्या काळात त्यांचं आईशी नातं घट्ट झालं होतं. म्हणजे संकट एकच होतं, पण त्याचा अर्थ वयाने ठरवला, आणि वयाबरोबर मुलगा की मुलगी यानेही.

हे वाचून कुणी म्हणेल, मग आपल्या थोरलीनेही काम केलं तर ती कणखर होईल. इथे फार सावध राहायला हवं. ओकलंडची मुलं काम करत होती ती शाळेच्या जोडीने. काम संपलं की ती वर्गात, मित्रांत परत जात होती; त्यांचं जग रुंदावत होतं. शिवाय मंदी हा आयुष्यात एकदा आलेला धक्का होता. ऊसतोडीचा हंगाम दरवर्षी येतो, आणि आई-बाप लहान असतानाही तो येतच होता. काळाच्या थरात या दोन गोष्टींची जागा अगदी वेगळी आहे. एका धक्क्यातून माणूस सावरतो. जे दर वर्षी ठरल्या वेळी येतं त्यातून सावरायला मध्ये अवधीच मिळत नाही, आणि हळूहळू घरातली मंडळी त्यालाच आयुष्य म्हणू लागतात.

तेराव्या वर्षी साधारणपणे मुलाचं जग पसरतं. मैत्रिणी, नवे शिक्षक, मोठी शाळा, घराबाहेरच्या माणसांचे निकष. थोरलीच्या बाबतीत याच वयात ते आक्रसतं. गावची जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत किंवा सातवीपर्यंत. पुढचं शिक्षण दुसऱ्या गावी, पायी किंवा मिळेल त्या वाहनाने. आई-बाप सहा महिने नसताना वयात आलेल्या मुलीला आजीच्या भरवशावर ठेवणं घराला धोक्याचं वाटतं, आणि हे भय पोकळ नाही. बरोबर न्यावं तर कोपीला दार नसतं, न्हाणीघर नसतं, शौचाला उघड्यावर जावं लागतं. तिथे ती धाकटीला सांभाळते, भाकरी करते, पुढच्या वर्षी हातात कोयता घेते. आणि मग चौथा आणि तिसरा थर एकत्र येतात. मुलीचं लवकर लग्न करणं ही आधीपासूनची रीत. लग्न झालं की तरुण जोडीचा एक नवा कोयता होतो आणि त्यावर नवी उचल मिळते हा मुकादमीचा हिशेब. दोघांपैकी एक नसतं तर दुसऱ्याचा जोर इतका राहिला नसता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४३ टक्क्यांहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. महाराष्ट्राचा आकडा २२ टक्क्यांच्या आसपास होता. हा फरक बीडच्या आई-बापांच्या स्वभावाचा नाही. तो कोयत्याचा आहे, आणि मुलगी एकटी सुरक्षित राहू शकेल अशा जागेच्या अभावाचा आहे.

या मुलीचं बिनसलं हे शाळेच्या हजेरीपटावर सर्वांत उशिरा दिसतं. नाव पटावर असतं, त्यापुढे ‘सतत गैरहजर’ असा शेरा असतो, आणि शिक्षणाच्या हक्काचा कायदा चौदा वर्षांपर्यंतच असल्याने थोड्याच महिन्यांत तिला शोधण्याचं कुणावर बंधनही राहत नाही. जिथे धोका सर्वांत मोठा, तिथेच कायद्याचं छत्र संपतं. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे, गावात ग्रामसेवक हा त्यासाठीचा अधिकारी आहे. पण त्याच्या हातात लग्न थांबवणं आहे. थांबलेल्या लग्नानंतर ती मुलगी पुढच्या ऑक्टोबरमध्ये कुठे राहील, हे त्याच्या हातात नाही.

आता उपायांकडे थरांच्या आणि वयाच्या नजरेने बघा, म्हणजे त्यांची ताकद आणि मर्यादा दोन्ही दिसतील. पूर्वी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालत. मूल आई-बापांजवळ राही आणि शिकेही. शिक्षणाचा हक्क २०१० मध्ये अमलात आल्यावर मुलांनी नियमित शाळेतच जावं असं धोरण ठरलं आणि बहुतेक साखरशाळा बंद पडल्या. हेतू चांगला होता, कारण साखरशाळांतलं शिक्षण बहुधा दुय्यम असे. पण कोपी आणि वर्ग यांच्यातलं अंतर वाढलं. दुसरा उपाय हंगामी वसतिगृहांचा. आई-बाप गेले तरी मुलं गावीच राहतात, शाळेत दोन वेळचं जेवतात, बऱ्याच ठिकाणी झोपायला आजी-आजोबांकडे जातात. मधल्यासाठी हा उपाय मला सर्वांत योग्य वाटतो: त्याची शाळा सलग चालते आणि आजीमुळे घरही तुटत नाही. धाकटीला हा उपाय लागूच नाही. तिला आईपासून सहा महिने दूर ठेवणं म्हणजे तिच्या जगाचा मोठा भाग काढून घेणं. तिच्यासाठी पाळणाघर फडाजवळच लागेल, आणि त्याचा खर्च ज्याच्यासाठी ऊस तुटतो त्या कारखान्याने उचलला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. थोरलीसाठी जेवणाची सोय असलेलं हंगामी वसतिगृह अपुरं आहे. तिला बारमाही, राहण्याचं, मुलींचं वसतिगृह हवं, हायस्कूलच्या गावी, आणि ते अठराव्या वर्षापर्यंत. २०२१ मध्ये राज्य सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली ती या दिशेची आहे. सहा वर्षांच्या मुलाला अशा ठिकाणी टाकणं चुकीचं ठरेल, तेराव्या वर्षी मात्र तीच जागा वाचवणारी ठरते.

ब्रॉन्फेनब्रेनरच्या सिद्धांताने सगळं उलगडतं असं मी म्हणणार नाही. एकाच कोपीतल्या दोन मुलांपैकी एक जण दिव्याखाली पुस्तक उघडून बसतो आणि दुसरा बसत नाही, हा स्वभावातला फरक त्याने नंतर आपल्या मांडणीत घेतला, पण तो कसा मोजायचा हे अवघडच राहिलं. इतके थर एकाच वेळी तपासणारा अभ्यास करणंही सोपं नाही. २००९ साली काही संशोधकांनी, हा सिद्धांत वापरल्याचा दावा करणारे २५ शोधनिबंध तपासले. त्यांतल्या फक्त चारांनी त्याचं प्रगत रूप खरोखर वापरलं होतं. बाकीच्यांनी बहुतेक वर्तुळंच घेतली होती. आपल्या योजनांमध्येही हेच होतं. प्रत्येक खातं आपल्या वर्तुळात काम करतं: आरोग्य खातं वजन करतं, शिक्षण खातं पट भरतं, कामगार खातं मजुरी बघतं, महिला व बालविकास लग्न थांबवतं. दोन खात्यांच्या मधली जागा कुणाचीच नसते, आणि मूल बहुतेक वेळा तिथेच हरवतं.

एक गोष्ट मात्र कुठल्याही नव्या योजनेची वाट न पाहता करता येते, आणि ती पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांच्या हातातली आहे. तुमच्या गावच्या शिवारात टोळी उतरली, कोप्या पडल्या, की त्यातली सहा ते चौदा वयाची मुलं तुमच्या गावच्या शाळेची झाली. दाखला नाही, जन्माचा पुरावा नाही, वर्षाच्या मध्येच आला, या कोणत्याही कारणाने शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. कायदा तसा स्पष्ट आहे. अंगणवाडीतही त्यांच्या धाकट्या भावंडांचं वजन व्हायला हवं, आहार मिळायला हवा. अठरा वर्षांच्या आतल्या मुलीचं लग्न ठरल्याचं कानावर आलं तर १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालतो. हे त्या आई-बापांना बहुधा माहीत नसतं, आणि माहीत असलं तरी पहाटे चारला फडात गेलेला माणूस शाळेच्या वेळेत कार्यालयात येऊ शकत नाही. शाळा व्यवस्थापन समितीतल्या एखाद्या पालकाने, शिक्षिकेने, अंगणवाडी सेविकेने हंगामाच्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळी कोप्यांवर जावं, मुलांची वयं आणि इयत्ता लिहून घ्याव्यात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलांना स्वतः बरोबर घेऊन शाळेत न्यावं.